शिफारस की गवाही?

‘शिफारस’ हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि इथे आल्यावर जरा बदनाम झाला. शिफारस म्हणजे वशिला, असंच आपण धरून चालतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या खालूजानना एक शिफारसपत्र लिहायचं होतं, तेव्हा त्यांनी हा शब्दच बाजूला सारला. म्हणाले, “ही शिफारस नाही मास्तर, गवाही आहे. उद्या कुणी उलटतपासणी घेतली तर उभं राहता आलं पाहिजे.”

खालू पुण्यातल्या एका हॉटेलात हेड शेफ आहेत. त्यांच्या हाताखालचा सू-शेफ, म्हणजे किचनमधला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस, टोरांटो आणि आसपासच्या रेस्टॉरंटांत अर्ज करत होता. मुलगा कोकणातला, गुणी, कॉमीपासून वर चढलेला. त्याने इंटरनेटवरून तयार पत्र आणलं होतं. खालूंनी फक्त सही करायची. मेहनती, प्रामाणिक, दडपणाखाली शांत, टीमला सोबत घेऊन चालणारा असा सगळा मजकूर. इंग्रजी तपासायला ते माझ्याकडे आलं. खालूंनी दोनदा वाचलं आणि विचारलं, “यात तो कुठं आहे? हे तर ड्रायव्हरलाही चालेल.”

त्यांचं म्हणणं असं की, पत्र वाचणारा दुसरा शेफ असतो. त्याला विशेषणं नकोत. हा माणूस माझ्या किचनमध्ये कुठे उभा राहील, हे कळायला हवं. म्हणून आधी किचनचं माप लिहायचं. आमचं रेस्टॉरंट ११० जणांचं, शनिवारी रात्री १८० ते २०० कव्हर, म्हणजे तेवढी माणसं जेवून जातात. किचनमध्ये चौदा जण. हे वाचलं की समोरच्याला अंदाज येतो. चाळीस खुर्च्यांच्या जागेतला सू-शेफ आणि दोनशे कव्हर काढणारा सू-शेफ यांचं पद एक असलं तरी काम एक नसतं.

मग त्याने स्वतः काय चालवलं ते. तंदूर आणि ग्रेव्ही हे दोन विभाग त्याच्याकडे होते. खालूंच्या सुट्टीच्या दिवशी तो पासवर उभा राहायचा. पास म्हणजे ताट बाहेर जाण्याआधीचा शेवटचा ओटा. तिथला माणूस केओटी वाचतो, हाका देतो आणि मनासारखं नसेल ते ताट परत पाठवतो. स्टोअरचा रोजचा इंडेंटही तोच काढायचा. पेस्ट्री त्याने केलेली नाही, हेही खालूंनी एका वाक्यात लिहायला लावलं. मुलगा नाराज झाला. खालू म्हणाले, “हे एक वाक्य आहे म्हणून बाकीची खरी वाटतील.”

एक प्रसंग मात्र त्यांनी सविस्तर घातला. खालू रजेवर असताना चारशे माणसांचं लग्न होतं. आदल्या रात्री कुणीतरी ग्रेव्ही खोल पातेल्यातच कोल्डरूममध्ये ठेवली. सकाळी वरून गार लागत होती. याने मध्यभागी थर्मामीटर घातला, तर आत अजून कोमट. शिजलेलं अन्न साधारण दोन तासांत साठ अंशांवरून विसाच्या आसपास आणि पुढच्या चार तासांत पाचच्या खाली यायला हवं. त्यासाठी ते उथळ ट्रेमध्ये पसरावं लागतं. खोल पातेल्याचं पोट रात्रभर उबदार राहतं, त्यात जंतू वाढतात, आणि काहींनी सोडलेलं विष पुन्हा उकळूनही जात नाही. त्याने तीस लिटर ग्रेव्ही फेकली, वहीत नोंद केली आणि पहाटे सहाला नवी चढवली. व्यवस्थापन चिडलं, जेवण वेळेवर गेलं. खालूंच्या मते हा परिच्छेद वाचून कुठलाही शेफ पुढचं वाचायचं थांबवेल आणि फोन उचलेल.

खरी अडचण पदाची होती. मुलाला पत्रात ‘चार वर्षं सू-शेफ’ हवं होतं. काम तो तितकं करतच होता, पण पगाराच्या पावतीवर पहिली दोन वर्षं सीडीपी, म्हणजे एका विभागाचा प्रमुख, असंच छापलेलं. किचनमध्ये हे नेहमीचं आहे. जबाबदारी आधी येते, पद आणि पैसे मागून. पण कॅनडात पुढे कायम राहायचा अर्ज केला की हीच कागदं अधिकारी वाचतो. त्याला कंपनीच्या लेटरहेडवर पद, तारखा, मुख्य कामं, आठवड्याचे तास, पगार आणि सही करणाऱ्याचा संपर्क लागतो. तिथल्या व्यवसायांच्या यादीत सू-शेफ हा शेफच्या ६२२०० या गटात येतो आणि कुक ६३२०० मध्ये. कौशल्याची पायरीच बदलते. पत्र एक सांगतं आणि पावती दुसरं, असं दिसलं तर संशय येतो. खोटी माहिती ठरली तर पाच वर्षं दार बंद. यादीतली कामं शब्दशः उतरवली तरी अधिकाऱ्याच्या भुवया उंचावतात.

खालूंनी दोन्ही लिहिलं. पहिली दोन वर्षं नोंदीप्रमाणे सीडीपी. त्याच काळात माझ्या गैरहजेरीत सू-शेफची अमुक अमुक कामं केली. त्यानंतर नोंदीप्रमाणेही सू-शेफ. लेटरहेडवरचं अनुभवपत्र वेगळं, ते एचआरकडून मागवलं. बऱ्याच ठिकाणी एचआर तारखा आणि पदापलीकडे लिहीत नाही, म्हणून कामं, तास आणि पगार लिहून द्या असा अर्ज मुलाने आधी केला. खालूंचं पत्र त्यांच्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या नंबरासह.

एक गोष्ट पत्रात आली नाही. हा मुलगा पोर्क आणि वाइनचे सॉस चाखत नाही. मी विचारलं, हे लिहायचं का? कारण जो चाखत नाही त्याला काही किचनमध्ये पासवर उभं करणं अवघड असतं, हे मलाही कळत होतं. खालूंनी थोडा विचार केला. “मी त्याच्या कामाचा गवाह आहे. त्याचा मजहब त्याचा. मी फक्त खोटं लिहिणार नाही, की तो काँटिनेंटल सांभाळतो.” मुलाला मात्र बसवून सांगितलं, की करारावर सही करायच्या आधी हे तूच बोल, पहिल्या दिवशी पासवर नको. मला ही विभागणी पटली. आपल्यातले काहीजण म्हणतील लपवलं. पण विचारलं तर सांगायची तयारी होती आणि सांगायचा हक्क त्याचाच होता.

फोन आला रात्री साडेबाराला. टोरांटोत तेव्हा दुपारचे तीन, दोन सर्व्हिसमधली निवांत वेळ. पुण्यात खालू बर्नर बंद करत होते. पलीकडच्या शेफने ग्रेव्हीबद्दल विचारलं, पेस्ट्रीबद्दल विचारलं, आणि मग नेहमीचा प्रश्न: पुन्हा कामावर घ्याल का?

“आज रात्रीही घेईन,” खालू म्हणाले. “मीच सोडू नको म्हणत होतो.”

मुलगा जानेवारीत गेला. खालूंची आठवड्याची सुट्टी तेव्हापासून बंद आहे. पासवर उभं राहील असा माणूस अजून तयार व्हायचाय.