उत्तर जुळले, गुण नाहीत

सहामाही परीक्षेच्या कॉप्या वाटून झाल्यावर दोन-तीन दिवस माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर पालकांची वर्दळ असते. यंदा त्यात ११वीच्या एका मुलाचे वडील होते. इमारत बांधकामाची कंत्राटे घेणारे गृहस्थ, हिशेबाला पक्के. त्यांनी कॉपी माझ्यापुढे उघडून ठेवली, शेजारी फळ्यावरून उतरवून घेतलेली उत्तरे ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, बाकीचे राहू द्या. हा शेवटचा आकडा बघा. आमच्या चिरंजीवांचे २६.५, तुमचेही २६.५. मग इथे शून्य का?"

प्रश्न असा होता. १५ मीटर उंच गच्चीवरून एक चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने, क्षितिजाशी ३० अंशांचा कोन करून, वरच्या दिशेने फेकला. तो किती वेळाने जमिनीवर पडेल, भिंतीपासून किती दूर पडेल आणि जमिनीला लागताना त्याचा वेग किती असेल? गुरुत्व त्वरण १० धरायचे, हवेचा विरोध सोडून द्यायचा. एकूण गुण ५.

भौतिकशास्त्राचे आमचे सर त्या आठवड्यात रजेवर होते. मी स्वतः एकेकाळी हाच विषय शिकवीत असे, म्हणून म्हटले, बसा, आपण दोघे मिळून पाहू. मुलालाही वर्गातून बोलावून घेतले.

माझे बी.एस्सी. हिंदी माध्यमातून झाले. 'क्षैतिज घटक' आणि 'ऊर्ध्वाधर घटक' हे शब्द आम्ही घोकले होते, पण त्यांचा अर्थ मला कळला तो घरच्या 'आडवा' आणि 'उभा' या शब्दांनी. लुगड्याचा ताणा वेगळा, बाणा वेगळा, कापड एकच. चेंडूचेही तसेच. त्याची एक उभी गोष्ट आहे आणि एक आडवी. उभ्या गोष्टीत गुरुत्व आहे, आडव्या गोष्टीत ते नाही. दोन्ही गोष्टींत सामाईक आहे ते फक्त घड्याळ. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात हेच मांडले आणि अजूनही ११वीचा हा धडा त्यावरच उभा आहे.

तर पहिले काम फोड करण्याचे. २० चा उभा भाग 20 sin 30° म्हणजे १०, आणि आडवा भाग 20 cos 30° म्हणजे १७.३. आता उभी गोष्ट लिहायची. वरची दिशा धन धरली तर सुरुवातीचा उभा वेग +१०, त्वरण −१०, आणि चेंडू सुटला तिथून जमीन १५ मीटर खाली, म्हणून विस्थापन −१५.

-15 = 10t - 5t²

सगळ्याला ५ ने भागून मांडले की t² - 2t - 3 = 0 येते. उत्तरे दोन, ३ आणि −१. वेळ ३ सेकंद. चिन्हांवर विश्वास बसत नसेल तर चिन्हांशिवायही पडताळता येते: १० च्या वेगाने वर जाणारा चेंडू १ सेकंदात ५ मीटर चढून क्षणभर थांबतो, मग तिथून २० मीटर पडायला त्याला २ सेकंद लागतात. १ आणि २ मिळून ३. या ३ सेकंदांत आडवा १७.३ तसाच चालत राहतो, म्हणून अंतर ५२ मीटर. जमिनीला लागताना उभा वेग 10 - 30 = -20, आडवा १७.३, आणि दोन्ही मिळून √(400 + 300), म्हणजे २६.५.

आता चिरंजीवांचे उत्तर. त्याने लिहिले होते:

-15 = 20t - 5t²

चिन्हे सगळी बरोबर, पण फोड केलीच नव्हती. अख्खा २० उभ्या गोष्टीत घातला. त्यातून वेळ आली ४.६५ सेकंद. मग तोच अख्खा २० आडव्या गोष्टीतही घालून अंतर ९३ मीटर काढले. शेवटी 20 - 10 × 4.65 करून −२६.५ आणि खाली ठळक चौकट.

मी मुलाला विचारले, "या क्षणी चेंडू कुठल्या दिशेने चालला आहे?"

"खाली, मॅडम."

"सरळ खाली?"

तो थांबला. वडील कॉपीवर वाकले. तेच म्हणाले, "सरळ खाली चालला असेल तर ९३ मीटर लांब गेला कसा?"

तेच तर आहे. ४.६५ सेकंद हे उत्तर खोटे नाही. ते दुसऱ्याच चेंडूचे आहे. गच्चीच्या कठड्याबाहेर हात काढून २० च्या वेगाने सरळ वर फेकलेला चेंडू बरोबर ४.६५ सेकंदांनी खाली येतो, पण तो भिंतीच्या पायथ्याशी येतो, ९३ मीटरवर नाही. आमच्या प्रश्नातला चेंडू ३ सेकंदांत, ५२ मीटरवर, जमिनीशी सुमारे ४९ अंशांचा कोन करून तिरपा पडतो.

मग २६.५ जुळले कसे? हा योगायोग नाही, आणि म्हणूनच तपासणाराला तो फसवतो. एकाच उंचीवरून एकाच वेगाने फेकलेला चेंडू सरळ वर फेका, आडवा फेका, तिरपा फेका, हवेचा विरोध नसेल तर जमिनीला लागतानाचा एकूण वेग एकच असतो, कारण ऊर्जा दिशा पाहत नाही. 400 + 2 × 10 × 15 = 700, त्याचे वर्गमूळ २६.५. या मुलाने 'ऊर्जा अक्षय्यतेने' एवढे लिहून ही एक ओळ मांडली असती तर त्या भागाचे पूर्ण २ गुण मी स्वतः दिले असते. त्याने मात्र तो आकडा उभ्या वेगाचा म्हणून काढला होता. खरा उभा वेग २०. त्याच वर्गातल्या दुसऱ्या एकाने हीच चूक केली आणि पुढे जाऊन २६.५ मध्ये आडवा १७.३ ही मिळवला, उत्तर आले ३१.६. त्याला शून्य आणि याला २ द्यायचे, तर एक पायरी कमी केल्याचे बक्षीस दिल्यासारखे झाले असते. वडिलांना पटले. गुण वाढले नाहीत.

ते गेले, पण माझे मन स्वस्थ बसेना. शेवटचा आकडा जुळूनही उत्तर चूक असू शकते, तर आकडा-पद्धत जुळली नाही म्हणून बरोबर उत्तरही कापले गेले असेल. मी गठ्ठा मागवला आणि त्या एका प्रश्नापुरता पुन्हा तपासला.

चिन्हांचे घोटाळे बरेच निघाले. सर्वांत जास्त आढळले ते 15 = 10t + 5t². उंची १५ लिहिली, वेग १० लिहिला, g दिले आहे म्हणून ते १० लिहिले; कोणालाच दिशा नाही. यातून वेळ येते १ सेकंद. आकडा इतका स्वच्छ येतो की मुलाला शंकाही येत नाही. पण नुसता हातातून सोडलेला चेंडू १५ मीटर पडायला १.७३ सेकंद घेतो. वर फेकलेला त्याच्याआधी पोहोचेल कसा? ते उत्तर त्याच वेगाने, तेवढ्याच कोनात, पण खालच्या दिशेने फेकलेल्या चेंडूचे आहे. (बरोबर समीकरणातला जो −१ आपण टाकून दिला, तोच इथे चिन्ह बदलून परत आला आहे.) काहींनी 15 = 10t - 5t² लिहिले; त्याला वास्तव उत्तरच नाही, कारण तो चेंडू सुटण्याच्या जागेपासून ५ मीटरच्या वर जातच नाही, १५ वर कुठला जाणार! अशी मुले बिचारी पानभर खाडाखोड करतात. तिघांनी g ची किंमत −१० घेऊन ती पुन्हा 10t - ½gt² मध्ये घातली, दोन उणे मिळून गुरुत्व वर ओढू लागले. g हा नुसता आकडा आहे, तो नेहमी धनच लिहावा. दिशा सांगायचे काम त्वरणाच्या चिन्हाचे.

आणि गठ्ठ्याच्या तळाशी एका मुलीची कॉपी सापडली. तिचे समीकरण होते 15 = -10t + 5t². त्यावर लाल रेघ, शेजारी 'चिन्ह चूक', आणि पाचपैकी १.

तिच्या आकृतीत कोपऱ्यात खाली तोंड केलेला छोटा बाण होता आणि त्याला अधिकचे चिन्ह. तिने खालची दिशा धन धरली होती. मग जमीन +१५ वर, सुरुवातीचा वेग −१०, त्वरण +१०. सगळे सुसंगत, अख्ख्या समीकरणाला −१ ने गुणले की आमचेच समीकरण. वेळ ३ सेकंद, अंतर ५२ मीटर. शेवटचा उभा वेग तिने +२० लिहिला होता, आणि तोही बरोबर, कारण तिच्या बाणाप्रमाणे खाली म्हणजे अधिक. सर रजेवरून आल्यावर मी त्यांना कॉपी दाखवली. त्यांनी बाण पाहिला, काही न बोलता ५ केले आणि सही केली. ६० कॉप्या रात्री जागून तपासणाऱ्याची नजर उत्तरपत्रिकेतल्या −१५ वर बसलेली असते, हे मला ठाऊक आहे. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मीही अशीच एक कॉपी कापली होती. तो मुलगा गुण मागायला आला नाही, आणि मला माझी चूक कळली तेव्हा तो शाळा सोडून गेला होता.

त्यानंतरच्या चाचणीत प्रश्नाखाली एक ओळ आम्ही वाढवली: 'आधी बाण काढून धन दिशा दाखवा, मग उभे आणि आडवे असे दोन रकाने करा.' १ गुण त्याचाच. तपासणाराने आधी बाण पाहायचा, मग समीकरण, आकडा सर्वांत शेवटी, असेही ठरले. वेळ जास्त लागतो, सरांची तक्रार रास्त आहे.

कंत्राटदारांच्या चिरंजीवांची चाचणीतली कॉपी मी मुद्दाम पाहिली. बाण होता, खाली तोंड केलेला. दोन रकानेही होते आणि वेगाची फोड अचूक होती. पण उभ्या रकान्यात g सवयीने −१० लिहिले गेले होते, आणि समीकरणाला उत्तर येईना. खाडाखोड केली नव्हती. खाली लिहिले होते, 'बाण खाली आहे, म्हणून g अधिक हवे होते. वेळ संपली.' मी सरांना विचारून तिथे अर्धा गुण वाढवला.