आत्याच्या केसांचा रंग नेमका कोणता?

केसांचा डाय विकत घेताना आपण डब्यावरच्या हसऱ्या बाईकडे बघतो. खरं तर बघायचं असतं डब्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे. 3, 4, 5.3 असं काहीतरी तिथे छापलेलं असतं. टिंबाच्या आधीचा आकडा म्हणजे लेव्हल, केस किती गडद किंवा किती फिके ते. 1 म्हणजे काळाकुट्ट, 10 म्हणजे अगदी फिका सोनेरी. आपल्याकडचे बहुतेकांचे केस मुळात 1 ते 3 मध्येच असतात. टिंबानंतरचा आकडा म्हणजे त्या रंगाची झाक. ती सोनेरी असेल, तांबूस असेल किंवा राखाडी. एक लक्षात ठेवा, झाकेचे आकडे प्रत्येक कंपनीचे सारखे नसतात. एकीकडे .6 म्हणजे लाल, तर दुसरीकडे जांभळट. त्यामुळे आकड्याबरोबर शेडचं नावही वाचा.

पण डब्यावरचा आकडा कळून उपयोग काय, आपल्या डोक्यावरचा आकडा माहीत नसेल तर? डाय हा भिंतीच्या ऑइलपेंटसारखा नसतो, की खाली काही का असेना, वरून मारला की झालं. खालचा रंग आणि वरचा रंग मिळून जे होईल तेच आपल्याला आरशात दिसतं. म्हणून आधी खालचा रंग ओळखायचा. हल्ली ते काम घरोघरी फोटोवरूनच चालतं. "हा बघ फोटो, सांग कुठला डाय आणू?"

माझ्या आत्यानेही एप्रिलमध्ये असाच फोटो पाठवला होता. आम्ही रायपूरचे, घर तात्यापाऱ्यात. आतेभावाचं लग्न ठरलं होतं आणि आत्या सुनेसाठी मंगळसूत्र बघायला सदर बाजारात गेली होती. सराफाच्या दुकानात तिने एक हार गळ्याला लावून बघितला आणि आतेबहिणीने फोटो काढला. त्यात आत्याचे केस असे सुंदर तांबूस-सोनेरी दिसत होते की ती स्वतःच खूश झाली. तिचा निरोप आला, "अगं, माझ्या केसांचा रंग हाच आहे. भांगातले पांढरे तेवढे याच रंगात झाकायचेत. 5.3 आणू ना?"

आता सदर बाजार तुम्ही पाहिला असेल किंवा तुमच्या गावची सराफ लाइन पाहिली असेल. सोन्याच्या दुकानांत दिवे मुद्दाम पिवळसर लावतात, कारण त्या उजेडात सोनं खुलतं. त्याच उजेडात केसही खुलतात! आत्याच्या हातात दुकानाची पावती होती. कागद पांढराच असणार, पण फोटोत तो चक्क पिकलेल्या आंब्याच्या फोडीसारखा दिसत होता. पांढरा कागद जिथे इतका पिवळा होतो, तिथे केसांतल्या सोनेरी झाकेवर कसा विश्वास ठेवायचा? कुठल्याही फोटोत केस बघण्याआधी मी अशी एखादी पांढरी वस्तू शोधते. शर्टाची कॉलर, भिंत, कपबशी, काहीही चालतं. ती पांढरी दिसत नसेल, तर केसांचा रंगही खरा नाही.

फोटो एडिटिंगच्या ॲपमध्ये व्हाइट बॅलन्स नावाची सोय असते. त्यातला ड्रॉपर पावतीवर ठेवला आणि कागद पांढरा झाला. त्याबरोबर आत्याच्या केसांतलं बरंचसं सोनंही उतरलं. पण अशी दुरुस्ती अंदाजापुरतीच असते. दिवा फार पिवळा असेल तर निळ्या रंगाची माहिती फोटोत मुळातच कमी येते. जे आलंच नाही ते ॲप कुठून आणणार? म्हणून मी तिला दुसरा फोटो काढायला सांगितला.

या दुसऱ्या फोटोचे नियम तुम्हालाही उपयोगी पडतील. केस धुतलेले, पूर्ण वाळलेले आणि बिनतेलाचे हवेत, कारण ओले किंवा तेल लावलेले केस आहेत त्यापेक्षा गडद दिसतात. वेळ दिवसाची हवी, खिडकीजवळ किंवा गॅलरीत, पण अंगावर थेट ऊन नको. घरातले दिवे बंद, फ्लॅश बंद, ब्यूटी फिल्टर तर नक्कीच बंद. मग भांगाजवळची एक पातळ बट घेऊन ती मुळापासून टोकापर्यंत पांढऱ्या कागदावर पसरायची. पातळच का? केसांचा जाड थर नेहमी जास्त काळा दिसतो, म्हणून. आणि फ्रेममध्ये केस व कागद दोन्ही बऱ्यापैकी यायला हवेत. नुसते काळे केस दिसले तर मोबाईलला वाटतं की उजेड कमी आहे, मग तो फोटो उजळवतो आणि केस फिके दिसतात. नुसता कागद भरला तर उलट होतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बटेशेजारी शेडकार्ड ठेवायचं. ते नसेल तर डायच्या डब्याची मागची बाजू, जिथे आधीचा आणि नंतरचा रंग छापलेला असतो. छपाई काही तंतोतंत नसते, पण तुलनेला आधार मिळतो. सदर बाजारातल्याच भाषेत सांगायचं तर ही कसोटी आहे. जुन्या पद्धतीने कस बघणारा सराफ दागिना काळ्या दगडावर घासतो, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढतो आणि दोन्ही रेघांवर आम्ल लावून तुलना करतो. नुसत्या एका रेघेवरून तो सांगत नाही. तसंच इथेही. एकाच फोटोत दोन्ही असले की मोबाईल जी काही गडबड करेल ती दोन्हींवर सारखीच करतो.

लेव्हल ठरवताना मी आणखी एक गोष्ट करते. फोटोतला रंग पूर्ण काढून तो कृष्णधवल करते. लालसर केस डोळ्यांना फसवतात, ते आहेत त्यापेक्षा फिके वाटतात. रंग गेला की फक्त गडदपणा उरतो, आणि लेव्हल म्हणजे तोच तर असतो. चमकणारी रेघ सोडून द्यायची आणि तिच्या बाजूचा भाग कार्डावरच्या पट्ट्यांशी ताडून बघायचा.

आत्याची बट बघितली आणि माझी आधीची समजूत गेली. तिच्या एका केसावर एक रंग नव्हताच. मुळाशी दीड-दोन सेंटिमीटर कोरी वाढ होती, त्यात पांढरे केस आणि 2 लेव्हलचे काळे केस मिसळलेले. त्यापुढे पांढऱ्या केसांवर मेंदी चढून झालेले नारिंगी धागे. टोकांकडे 3 लेव्हलचा गडद तांबूस रंग, वर्षानुवर्षांच्या मेंदीचा. इथवर सगळं अपेक्षित होतं. पण भांगापासून साधारण सहा सेंटिमीटरवर एक सपाट, निळसर काळा पट्टा दिसत होता. 1 लेव्हल, जरासुद्धा लाली नाही. आता साध्या मेंदीने केस कधीच निळसर काळे होत नाहीत. मेंदीच्या पानातला लॉसोन नावाचा रंग नारिंगी-तांबूसच असतो.

केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. सहा सेंटिमीटर म्हणजे पाच-साडेपाच महिने. एप्रिलमधून तेवढं मागे मोजलं की दिवाळीच्या आसपास पोहोचतो. मी फोन केला. "आत्या, दिवाळीला केसांना काय लावलं होतंस?"

"तुला गं कोणी सांगितलं? काळ्या मेंदीची पुडी आणली होती. एकदाच. कानामागे इतकी खाज सुटली की परत हात नाही लावला. मग आपली नेहमीची मेंदी सुरू केली."

हे ऐकल्यावर शेडची गोष्ट मागे पडली. तरी ती आधी पूर्ण करते, कारण खाज न सुटलेल्या अनेकांचे केस असेच असतील. आत्याने 5.3 सगळ्या केसांना लावला असता तर काय झालं असतं? काळा पट्टा तसाच राहिला असता, कारण आधीच्या डायवर नवा डाय लावून केस फिके होत नाहीत. भांगातले पांढरे केस, ज्यांच्यात स्वतःचा रंगच नाही, ते चकाकते सोनेरी झाले असते. आणि तिथले काळे केस? डायमधलं पेरॉक्साइड केसांतला नैसर्गिक रंग थोडा उतरवतं आणि आत दडलेला अंडरटोन वर येतो. आपल्या काळ्या केसांत तो लाल असतो, 5 पर्यंत पोहोचताना लाल-नारिंगी. हा दडलेला अंडरटोन कुठल्याच फोटोत दिसत नाही, तो लेव्हलवरून ओळखायचा असतो. आधीच लाल निघणार असेल तर वर .3 ची सोनेरी झाक घालणं म्हणजे आगीत तेल. तिच्यासाठी खरी जुळणारी शेड होती टिंबाशिवायची साधी 3, तीही फक्त मुळांच्या कोऱ्या वाढीला. आणि त्याआधी फणीतले गळलेले पंचवीस-तीस केस दोऱ्याने बांधून, त्यांच्यावर डब्यावर लिहिलेल्या वेळेइतका डाय ठेवून, धुऊन, वाळवून बघणं. फोटोपेक्षा ती बट जास्त खरं सांगते.

आता खाजेकडे येऊ. काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत बहुधा पीपीडी हा रासायनिक रंग असतो, आणि कायम टिकणाऱ्या गडद डायमध्येही बहुतेकदा तोच किंवा त्याचा जवळचा नातेवाईक. एकदा त्याची ॲलर्जी झाली की शरीर ते विसरत नाही. पुढच्या वेळी खाजेवर भागेलच असं नाही, चेहरा आणि पापण्या सुजू शकतात. डब्यावर 'अमोनियामुक्त' लिहिलं म्हणजे तो पीपीडीमुक्त झाला असंही नाही. मागची घटकांची यादी वाचावी लागते. ज्यांना कधीच त्रास झालेला नाही त्यांनीही कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडा डाय लावून 48 तास थांबावं. पण ज्यांना आधी त्रास झालाय, त्यांनी ही चाचणी घरी करू नये.

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे लग्नात मी पांढरा भांग घेऊन मिरवू?" मी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. ते पाठीवर छोट्या पट्ट्या लावून ॲलर्जी तपासतात. पट्ट्या दोन दिवसांनी काढतात आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघतात. आत्याच्या पाठीवर पीपीडीच्या जागी लाल, पुरळ आलेला गोल उमटला होता.

लग्नाच्या चार दिवस आधी तिने नुसत्या पानांची मेंदी लावली. पुडीवर पानांशिवाय दुसरा कुठलाच घटक नाही, हे तिने चष्मा लावून दोनदा वाचून घेतलं. भांगात नारिंगी धागे आले, पुढे तो काळा पट्टा, मग तांबूस टोकं. अंबाड्यात पट्टा झाकला गेला आणि भांगावर तिने मोगऱ्याचा गजरा जरा पुढे ओढून घेतला.