चार ओळींची चिठ्ठी

‘आपल्या विषयावर, पण सर्वांना समजेल असे काहीतरी लिहा,’ असा संपादकांचा निरोप श्रावणात आला, तेव्हा माझा मानस वंध्यत्वाच्या उपचारांवर लिहिण्याचा होता, कारण त्या विषयाला वाचक मिळतात आणि लेखकाला पुढे दोन वर्षे व्याख्यानेही मिळतात. परंतु लिहावयास बसलो की चैत्रातील एक प्रकरण मध्येच येऊन उभे राही. आधी तेच हातावेगळे केल्याखेरीज दुसरे काही सुचेना.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. व्यवसायाची पहिली काही वर्षे साताऱ्यात आणि पुढची सारी सांगलीत गेली. या काळात मी किती प्रसूती केल्या याचा हिशोब मला विचारतात आणि मी तो थोड्याफार अभिमानाने सांगतो. किती गर्भ माझ्यासमोर गेले, हे मात्र आजवर कोणी विचारलेले नाही. ती संख्याही काही लहान नसणार, कारण ज्या गर्भधारणा लक्षात येतात त्यांतील शेकडा १० ते २० पूर्ण दिवसांपर्यंत पोहोचतच नाहीत आणि अशा जाण्यांपैकी बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच होतात. तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगू नये, तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरावी, हा आपल्याकडचा रिवाज याच अनुभवातून आला असावा, असे मला वाटत आले आहे. रिवाजाचा हेतू चांगला आहे, पण त्याचा एक परिणाम असा होतो की जे आले हे कोणाला ठाऊक नव्हते ते गेले हे सांगायचे कसे, हा प्रश्न त्या बाईपुढे एकटीने उभा राहतो.

प्रकरण असे. एका पतसंस्थेत नोकरी करणारी, एकतीस वर्षांची, माहेर साताऱ्याचे आणि सासर सांगलीचे असलेली एक बाई पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात माझ्याकडे आली. शेवटची पाळी २५ जानेवारीची, म्हणजे आमच्या जुन्या आडाख्याप्रमाणे नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की १ नोव्हेंबर ही तारीख निघते. ती तिने स्वतःच काढून पंचांगात पाहून ठेवली होती आणि दिवाळीच्या सुमारास बाळ येणार म्हणून घरात सारे हरखून गेले होते. हिशोबाने नऊ आठवडे झालेले. सोनोग्राफीत गर्भ मात्र डोक्यापासून बुडापर्यंत जेमतेम ६ मिलिमीटर भरला आणि त्यात ठोका दिसेना.

येथे थोडे तांत्रिक लिहिणे भाग आहे. वाचकांनी क्षमा करावी. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असून ठोका नसेल तरच गर्भ गेला असे एका तपासणीवर म्हणता येते. त्याहून लहान गर्भात ठोका न दिसणे याचा अर्थ तारीख चुकली असणे हाही असू शकतो, आणि म्हणून किमान सात दिवस थांबून पुन्हा पाहावे लागते. पूर्वी हा उंबरठा याहून खाली होता. जिवंत गर्भाला चुकून गेलेला ठरवण्याचा धोका राहू नये म्हणून तो वर नेण्यात आला. मिलिमीटरभराच्या या फरकाकरिता तिला एक आठवडा अधांतरी राहावे लागले आणि त्या आठवड्यात घरी सल्ल्यांचा दरबार भरला. मार्चमध्ये ती लग्नाला एसटीने पुण्याला गेली होती, तेव्हा दोष प्रथम खंबाटकी घाटावर आला. मग ऑफिसचे जिने, मग स्कूटर, मग न खाल्लेली पपई खाल्ली असावी असा संशय. आठवड्याने पाहिले तेव्हा गर्भ होता तेवढाच होता.

घाटाने गर्भ पडत नाही, हे मी साताऱ्यात असल्यापासून सांगत आलो आहे आणि आता सांगून थकलोही आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. आईकडून २३ आणि बापाकडून २३ यावीत, पण बीजाची वाटणी होताना एखादे जास्त येते किंवा कमी पडते; हे गर्भधारणेच्या क्षणीच ठरून गेलेले असते, म्हणजे एसटीचे तिकीट काढण्यापूर्वी कित्येक आठवडे. अंथरुणावर पडून राहिल्याने ते बदलत नाही.

हे सारे मी तिला समजावून सांगितले आणि शेवटी, तीस वर्षे जे वाक्य मी बोलत आलो आणि ज्याच्या सौम्यपणाचा मला थोडा गर्वही होता, ते बोललो: ‘निसर्गाने आपली चूक वेळीच दुरुस्त केली असे समजा.’ तिने फाईल मांडीवरून उचलून टेबलावर ठेवली आणि विचारले, ‘म्हणजे चूक कोण होतं, डॉक्टर?’

मला उत्तर सुचले नाही, आणि आजही सुचलेले नाही. माझे वाक्य शास्त्रदृष्ट्या खोटे नव्हते. परंतु तिने विचारले होते ते ‘माझ्यामुळे झाले का’ एवढेच, आणि त्याचे ‘नाही’ हे उत्तर देऊन मी थांबावयास हवे होते. पुढचे वाक्य तिच्यासाठी नव्हतेच. खोलीतली शांतता मला सोसवेना म्हणून ते माझ्याच सोयीसाठी होते. ‘अजून वय आहे’, ‘दिवस राहतात हे तरी कळलं’, ‘लवकर गेलं ते बरं’ ही नातलगांची वाक्येही याच जातीची. त्यांतले प्रत्येक वाक्य, बाईने विचारले तर, वैद्याने उत्तरादाखल म्हणावे इतके बरोबर आहे. न विचारता म्हटले की त्याचा अर्थ ‘आता रडणे आवर’ एवढाच उरतो.

आता एका शब्दाविषयी लिहितो. संपादकांना हा भाग लांबलेला वाटेल, पण माझा नाइलाज आहे. तिच्या कागदावर आम्ही वैद्यक परिपाठाप्रमाणे ‘मिस्ड अबॉर्शन’ असे लिहिले होते. कायद्याप्रमाणे, म्हणजे १९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमाप्रमाणे, गर्भ गेल्यानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा तिला मिळावयास हवी होती; तिने अर्जाला तो कागद जोडला, आणि संबंधित दप्तरातून ‘स्वेच्छेने केलेल्या गर्भपातास रजा देय नाही’ असा शेरा मारून अर्ज परत आला. कारकुनाचा दोष मी धरीत नाही. अबॉर्शन या शब्दाला आमच्या भागात आता एकच अर्थ उरला आहे, आणि मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे पुरलेले १९ गर्भ सापडल्यापासून तर तो शब्द फिर्यादीतला शब्द होऊन बसला आहे. विलायतेत हीच अडचण जाणून १९८५ मध्ये तिघा डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये पत्र लिहून, आपोआप जाणाऱ्या गर्भाला अबॉर्शन म्हणू नये, अशी मागणी केली आणि पुढे तेथील परिभाषा पालटली. आपल्याला तर कोणाकडून शब्द उसने आणण्याचेही कारण नव्हते. सुश्रुताने चौथ्या महिन्यापर्यंत गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्यात, शरीर घट्ट झाल्यावर, गर्भपात असा भेद केलेला आहे, आणि आमच्या खेड्यांतील बायका ‘पोट पडलं’ आणि ‘पोट पाडलं’ यांत एका कान्याने जो फरक करतात तो आमच्या साऱ्या केसपेपरांपेक्षा स्वच्छ आहे. मी दुसरा दाखला मराठीत लिहून दिला, ‘नैसर्गिक गर्भस्राव’ असा, आणि रजा मंजूर झाली. तेव्हापासून मी तोच शब्द लिहितो. माझे सहकारी याला म्हातारपणीचा छंद म्हणतात.

याच ओघात नवऱ्याचा उल्लेख करणे योग्य होईल. त्याला कायदा रजा देत नाही. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या ‘धर्मसिंधू’तही पहिल्या महिन्यांतील स्रावाचे अशौच आईला तीन रात्री सांगितले आहे आणि बापाला केवळ स्नान. तो दुसऱ्या दिवशी कामावर गेला होता, आणि तेथे त्याला कोणी काही विचारले नाही.

गर्भ काढून टाकण्यासाठी तिने गोळ्यांचा मार्ग पत्करला. पंधरा दिवसांनी तपासणीला आली तेव्हा गर्भाशय रिकामे झाले होते, पण घरी लघवीची तपासणी केली तर त्यात अजून दिवस असल्याच्याच दोन रेघा उमटल्या होत्या आणि त्याने ती हादरली होती. गर्भाचे संप्रेरक रक्तातून उतरायला काही आठवडे लागतात, शरीराला बातमी उशिरा पोहोचते, असे मी सांगितले, आणि या वेळी तेवढ्यावरच थांबलो. जाताना फाईल बंद करता करता तिने तीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. किराणा दुकानाच्या बिलाची ती पाठकोरी बाजू होती. तिच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीने मुगाच्या खिचडीच्या डब्यावर रबरबँडने अडकवून ती धाडली होती. निळ्या बॉलपेनने लिहिलेल्या चार ओळी:

‘तुझ्या आईकडून कळलं.
बाळ गेलं, फार वाईट झालं.
उत्तर लिहू नकोस, तू बोलावशील तेव्हाच येईन.
डबा परत करायची घाई नाही.’

मी तो कागद, एखादा अहवाल वाचावा तसा, दोनदा वाचला. पहिल्या ओळीने तिच्यावरचे सांगण्याचे ओझे काढून घेतले आहे. दुसरीत ‘बाळ’ हा शब्द आहे, आणि तो मैत्रिणीने मनाने घातलेला नाही. बाई स्वतः घरी तेच म्हणत होती. मी नवव्या आठवड्याला ‘गर्भ’ म्हणतो आणि काही बाया नुसते ‘ते’ म्हणतात. जिचे गेले तिचाच शब्द घ्यावा, ही गोष्ट त्या मुलीला कोणी शिकवलेली नसावी. ‘फार वाईट झालं’ याच्या पुढे ‘पण’ नाही. भेटायला येणाऱ्यांचे आपल्याकडे जे आदरातिथ्य करावे लागते, चहा ठेवा, तीच हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगा, ते तिसऱ्या ओळीने टाळले आहे. चौथी ओळ मला फार उशिरा उमगली: रिकामा डबा परत करू नये, त्यात काहीतरी घालून द्यावे, ही आपली रीत, आणि तेवढ्यातूनही तिने तिला मोकळे केले होते. चारही ओळींत पथ्य नाही, नवस नाही, ‘पुढच्या वेळी’ हा शब्द नाही.

‘किती जण येऊन गेले, डॉक्टर, पण मी रडले ती हे वाचून,’ ती म्हणाली, आणि कागद परत मागून घेतला.

१ नोव्हेंबर आता जवळ आली आहे. ती तारीख तिच्या केसपेपरावर माझ्याच अक्षरात आहे. पूर्वी गर्भ गेला की मी ती एका रेघेने खोडून टाकीत असे; या वेळी खोडलेली नाही.