४०३ मधील सर्वांना

आमच्या इमारतीत भाड्याने राहायला येणाऱ्या माणसाला सोसायटीकडून एक कागद मिळतो. त्यावर चौदा मुद्दे आहेत. पोलीस पडताळणीची पावती द्या, कराराची प्रत द्या, शिफ्टिंगचे पैसे आधी भरा, कपाट लिफ्टमधून नेऊ नका, पाहुण्यांची गाडी आत लावू नका. यातला एकही मुद्दा खोटा नाही आणि बरेचसे गरजेचेही आहेत. पण या घरात पाणी किती वाजता येतं, हे त्या चौदा मुद्द्यांत कुठेच नाही. म्हणजे इमारतीला तुमच्याकडून काय हवंय ते पहिल्याच दिवशी कळतं. तुम्हाला इथे काय लागेल, ते तुमचं तुम्ही शोधायचं.

मी स्वतः इथे भाडेकरूच आहे. पुण्यात, सोळा फ्लॅटच्या एका जुन्या इमारतीत, ४०२ मध्ये, एका मित्राबरोबर. समोर ४०१ मध्ये काकू राहतात. त्यांचं घर स्वतःचं आहे आणि इमारत बांधली तेव्हापासून त्या इथे आहेत. गेल्या वर्षी जूनमधल्या एका बुधवारी शेजारच्या ४०३ मध्ये नवं कुटुंब येणार होतं. वॉचमनकाकांकडून एवढंच कळलं होतं की मंडळी परभणीची आहेत, नवरा-बायको, सातवीतला मुलगा आणि एक आजी. काकू म्हणाल्या, "अरे, दोन ओळी लिहून देऊ या त्यांना. तू लिही, तुझं अक्षर बरं आहे."

मग आमच्या दारात उभ्याउभ्याच चर्चा सुरू झाली. पहिला प्रश्न होता मायन्याचा. शाळेत आपण पत्रलेखन शिकलो ते सगळं समोरचा माणूस कोण आहे यावर बेतलेलं. मोठ्यांना सा. न. वि. वि., बरोबरीच्यांना स. न. वि. वि., लहानांना अनेक आशीर्वाद. इथे आम्हाला कुणाचं वय माहीत नव्हतं, नाव माहीत नव्हतं आणि पाहुण्यांमध्ये आजीपासून सातवीच्या मुलापर्यंत सगळेच होते. शिवाय त्या 'वि. वि.'चा अर्थ 'विनंती विशेष'. म्हणजे नमस्कार झाला, आता कामाचं बोलतो. आम्हाला तर त्यांच्याकडून काहीच नको होतं. शेवटी मी लिहिलं, "४०३ मधील सर्वांना, नमस्कार." यात कुणी सुटत नाही आणि आडनावही लागत नाही.

आडनावाचं मी मुद्दाम सांगतोय. काकूंच्या मनात पुढचं वाक्य होतं, "आपण मूळचे कुठले, हे जाणून घ्यायला आवडेल." त्या अतिशय मायाळू बाई आहेत आणि त्यांना खरंच गप्पा मारायच्या असतात. पण आपल्याकडे गाव आणि आडनाव विचारलं की समोरच्याला ऐकू येणारा प्रश्न अनेकदा वेगळाच असतो. ज्यांनी घर शोधताना दहा घरमालकांना हीच उत्तरं दिलेली असतात, त्यांना अकराव्यांदा तो प्रश्न कागदावर नको. मी काकूंना म्हटलं, "आपण प्रश्नच नको विचारू या. प्रश्न विचारला की उत्तर द्यावं लागतं आणि आज त्यांच्या हातात बादल्या असणार." काकूंना बादल्यांचा मुद्दा पटला. 'आमच्या मजल्यावर सगळे शाकाहारी आहेत' हेही त्यांना सहज माहिती म्हणून लिहायचं होतं, ते याच ओघात राहून गेलं.

आता लिहायचं काय? माझ्या कामाच्या ठिकाणी नवा माणूस टीममध्ये आला की त्याला एक छोटी फाइल देतो. ती चांगली आहे की नाही हे ओळखायची साधी खूण आहे: ती वाचून त्याला पहिल्या दिवशी स्वतःच्या मशीनवर प्रोग्रॅम चालवता आला पाहिजे. कंपनीचा इतिहास त्यात नसला तरी चालतो. मी इथेही तोच हिशेब लावला. बुधवारी दुपारी सामान उतरल्यापासून गुरुवारी रात्रीपर्यंत या चौघांचं कुठे अडेल?

गुरुवार म्हटल्यावर काकू एकदम थांबल्या. "अरे, उद्या पाणी नाहीये!"

पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं की बहुतेक वेळा गुरुवारच निवडला जातो. पेपरात बातमी येते, जुन्या रहिवाशांना सवय असते, ते आदल्या रात्री पिंप भरून ठेवतात. परभणीहून बुधवारी आलेल्या माणसाला हे कोण सांगणार? त्यात आमच्या इमारतीची आणखी एक गंमत आहे. स्वयंपाकघरात दोन नळ आहेत. डावीकडच्या नळाला थेट महापालिकेचं पाणी येतं, तेही सकाळी साडेसहा ते साडेआठ. उजवीकडचा आणि बाकीचे सगळे नळ गच्चीवरच्या टाकीचे. नवा माणूस संध्याकाळी डावा नळ सोडून बघतो, तो कोरडा असतो, मग तो नळ बिघडलाय असं समजून प्लंबर शोधायला लागतो. माझ्या आधी ४०२ मध्ये राहणाऱ्या मुलांनी तो नळ बदलूनही घेतला होता म्हणे.

म्हणून पाणी सगळ्यात वर आलं. चिठ्ठी अखेर अशी झाली:

"४०३ मधील सर्वांना,
नमस्कार. आपल्या इमारतीत स्वागत.
उद्या गुरुवारी दिवसभर महापालिकेचं पाणी येणार नाही. आज रात्रीच टाकीच्या नळातून पिंप-बादल्या भरून ठेवा. पिण्याचं पाणी ४०१ मध्ये भरलेलं आहे, हवं तेवढं न्या.
एरवी पिण्याचं पाणी सकाळी ६.३० ते ८.३०, फक्त स्वयंपाकघरातल्या डाव्या नळाला.
ओला आणि सुका कचरा वेगवेगळा, सकाळी ९ च्या आत दाराबाहेर.
आज रात्री पोळी-भाजीचा डबा हवा असेल तर ८ पर्यंत सांगा. निरोप नाही आला तर तुमची सोय झाली असं समजू.
– ४०१ आणि ४०२"

खाली काकूंचं नाव आणि त्यांचा फोन नंबर, शेजारी माझं नाव. माझा नंबर दिला नाही. घरात एक बाई आणि एक आजी दिवसभर असणार, त्यांना अनोळखी मुलाला फोन करण्यापेक्षा काकूंना करणं सोपं.

डब्याच्या वाक्यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. काकूंचं मूळ वाक्य होतं, "काही लागलं तर केव्हाही सांगा." हे आपण सगळेच म्हणतो आणि त्यावरून कुणीही काही सांगत नाही. 'काही' म्हणजे नक्की काय आणि 'केव्हाही' म्हणजे रात्री साडेदहा चालतील का, हे ऐकणाऱ्याला ठरवावं लागतं. संकोची माणूस मग काहीच मागत नाही. वस्तू आणि वेळ लिहिली की मागणं सोपं होतं. पण मग नाही म्हणणंही तेवढंच सोपं हवं. दमलेल्या माणसाला "नको, थँक्यू" सांगायला चार पावलं चालत यावं लागू नये. म्हणून शेवटचं वाक्य. गप्प राहणं हेच उत्तर धरलं, की कुणी उद्धट ठरत नाही.

याच कारणासाठी कागद बरा वाटतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवा नंबर जोडला की पाच मिनिटांत फुलांचे गुच्छ येऊन पडतात आणि त्या माणसाला प्रत्येकाला हात जोडावे लागतात. दुसऱ्या दिवशी ते गुच्छ वर निघून जातात आणि हाताशी काही उरत नाही. शिवाय ग्रुपवर घरातला एकच माणूस असतो, बहुधा ज्याच्या नावावर करार आहे तो, आणि नळाशी उभं राहणारं माणूस दुसरंच असतं. कागद आजीलाही वाचता येतो. म्हणून अक्षर मोठं काढलं आणि पेन निळं घेतलं. भाषा मराठी, कारण परभणी माहीत होतं. २०२ मध्ये बेळगावकडचं कानडी बोलणारं कुटुंब आलं होतं, तेव्हा असाच मजकूर हिंदीत आणि पाठीमागे इंग्रजीत लिहिला असता.

चिठ्ठी द्यायची कुठे, हेही बघावं लागतं. खालच्या पत्रपेटीत टाकली तर ती सापडायला महिना लागेल, कारण पेटीची किल्ली घरमालकाकडून सगळ्यात शेवटी मिळते. दाराला चिकटवली तर येणारे-जाणारे आधी वाचणार, आणि टेम्पोवाल्यांच्या गडबडीत ती बुटांखाली जाणार. फाटकाचा कोड, वायफायचा पासवर्ड असलं काही चिठ्ठीत नव्हतं ते यासाठीच. काकूंनी साडेपाचला, टेम्पो रिकामा झाल्यावर, ती ४०३ मधल्या आजींच्या हातात दिली. आत गेल्या नाहीत. "पाण्याचं लिहिलंय" एवढंच म्हणाल्या आणि परत आल्या.

डब्याचा निरोप आला नाही. नऊच्या सुमाराला भिंतीपलीकडे पिंपात पाणी पडल्याचा आवाज मात्र बराच वेळ येत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा ४०१ मधून पाण्याची कळशी घेऊन गेला.

या चिठ्ठीने काय झालं नाही, तेही सांगायला हवं. त्यांना स्कूटर लावायला जागा मिळायला पुढे तीन महिने लागले, कारण भाडेकरूंना आत पार्किंग नाही, हा त्या चौदा मुद्द्यांतला अकरावा मुद्दा आहे. सभेत त्यांना मत नाही, मलाही नाही. आमच्या करारांची मुदत अकरा-अकरा महिन्यांची. दोन ओळींनी कुणी इमारतीचा मालक होत नाही. पाण्याविना गुरुवार काढायला लागू नये, एवढीच त्या कागदाची ताकद.

चिठ्ठीची झेरॉक्स काकूंनी ठेवली होती. या जानेवारीत १०१ मध्ये नवं कुटुंब येणार म्हटल्यावर त्यांनी ती काढली, गुरुवारचा परिच्छेद खोडला आणि ४०३ मधल्या वहिनींना दाखवली. वहिनींनी ती वाचली आणि पेन मागितलं. त्यांनी खाली दोन ओळी लिहिल्या:

"पत्ता सांगताना मागच्या फाटकाजवळचं किराणा दुकान सांगा. नकाशा पाहून येणारे शेजारच्या इमारतीत जातात.
वीजबिलावर इमारतीचं जुनं नाव आहे. शाळेत आणि बँकेत पत्ता देताना दोन्ही नावं लिहा."

काकू इथे इतकी वर्षं आहेत आणि मी तीन. हे दोन्ही आम्हाला माहीत होतं आणि तरी सुचलं नसतं, कारण आमचं कधीच अडायचं थांबलं होतं. वहिनींचं मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरून सहा महिन्यांपूर्वीच अडलं होतं. आता नवी प्रत त्यांच्याच अक्षरात लिहिलेली आहे, आणि खाली सही आहे – ४०१, ४०२ आणि ४०३.