हे कोणाचं आहे?

माझ्या आईला मी काय काम करतो हे सांगायचं असलं की मी म्हणतो, "कंपनीचं लाइटबिल बघतो." हे फार खोटं नाही. आमच्या पुण्यातल्या कंपनीचं सगळं सॉफ्टवेअर एडब्ल्यूएसच्या क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या मशीन्सवर चालतं, आणि भाड्याचं मीटर तासाला, कधी सेकंदाला पळत असतं. ते मीटर कोणामुळे पळतंय, गरजेपुरतं पळतंय का, हे बघणं म्हणजे फिनऑप्स. इंजिनिअरिंग करताना असलं काही काम असतं हे मला माहीतही नव्हतं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर आमची क्लाउड सिक्युरिटी इंजिनिअर बसते. क्लाउडवर कोणाला काय करायची परवानगी आहे, कुठलं दार उघडं राहिलंय, कोण नको तिथे शिरलंय, हे बघणं तिचं काम. दोन वर्षं आम्ही शेजारी बसून चहा प्यायलो, पण आमची कामं वेगळी आहेत असंच दोघंही समजत होतो. गेल्या वर्षीच्या एका सोमवारपर्यंत.

सोमवारी सकाळी मी आधी शनिवार-रविवारचा खर्च उघडतो. बिलाचे आकडे लगेच दिसत नाहीत, ते साधारण एक दिवस मागे असतात. त्यामुळे रविवार अर्धवट असतो आणि शनिवार पूर्ण. कामाच्या दिवशी आमचा खर्च सुमारे ९०० डॉलर आणि शनिवारी ७०० च्या आसपास, कारण डेव्हलपर्सची टेस्टिंगची मशीन्स सुट्टीत बंद ठेवतो. त्या शनिवारचा आकडा होता ८९६.

आलेख बघून कोणालाच काही वाटलं नसतं. रेघ वर गेलीच नव्हती, नेहमीसारखीच सरळ होती. आमचा अलार्मही एकूण खर्चावर लावलेला, आणि एकूण खर्च कामाच्या दिवसाइतकाच, म्हणून तो गप्प. खटकलं ते एवढंच, की शनिवारी रेघ खाली यायला हवी होती आणि ती आली नव्हती.

मला वाटलं, मशीन्स बंद करणारी स्क्रिप्ट चालली नसेल. ती मीच लिहिली होती, दोन वर्षांपूर्वी. बघितलं तर स्क्रिप्ट व्यवस्थित चालली होती आणि मुंबई रीजनमधली टेस्टिंगची मशीन्स बंद होती. मग मी तोच खर्च रीजनप्रमाणे फोडला. आमचं सगळं मुंबईत असतं, पण यादीत दुसरं नाव होतं `us-east-2`, म्हणजे अमेरिकेतलं ओहायो. तिथे आमचं काहीच नाही. आत गेल्यावर एकच मोठी ओळ दिसली: `USE2-BoxUsage:c5.4xlarge`, वापर २८८ तास.

दिवसाचे तास चोवीस. एका दिवसात २८८ तास भरायचे तर बारा मशीन्स अखंड चालू हवीत. या मशीनचा दर तासाला ०.६८ डॉलर, म्हणजे दिवसाचे सुमारे १९६ डॉलर. बरोबर तेवढंच, जेवढं शनिवारी कमी व्हायला हवं होतं.

अशा वेळी माझ्या कामातला ठरलेला प्रश्न असतो: हे कोणाचं आहे? आमच्याकडे प्रत्येक मशीनला टॅग लावायचा नियम आहे, त्यात टीमचं आणि माणसाचं नाव असतं. माझा निम्मा आठवडा टॅग नसलेल्या गोष्टींचे मालक शोधण्यात जातो. या बारांना एकही टॅग नव्हता. मी खुर्ची वळवून तिला विचारलं, "ओहायोमध्ये तू काही टेस्ट करतेयस का?"

तिने कप खाली ठेवला. "नाही. आणि तूही करत नाहीयेस, हो ना?"

तिने पहिलं काम केलं ते म्हणजे क्लाउडट्रेल उघडलं. क्लाउडवर कोणी काय केलं याची ही हजेरीवही. मशीन सुरू केल्याची नोंद `RunInstances` या नावाने होते. ही वही प्रत्येक रीजनची वेगळी बघावी लागते, म्हणून तिने ओहायोचीच मागवली:

```
aws cloudtrail lookup-events \
  --region us-east-2 \
  --lookup-attributes \
  AttributeKey=EventName,AttributeValue=RunInstances
```

नोंद सापडली. मशीन्स सुरू करणाऱ्या युजरचं नाव होतं `weekend-stop`.

माझे कान गरम झाले. तो युजर माझा होता. सुट्टीत मशीन्स बंद करणाऱ्या स्क्रिप्टसाठी मीच तो बनवलेला. त्याला फक्त मशीन बंद करायची परवानगी पुरली असती, पण त्या दिवशी काहीतरी एरर येत होती, मला घरी जायचं होतं, आणि मी `ec2:*` लिहून मोकळा झालो. म्हणजे मशीन्सच्या बाबतीत काहीही, कुठल्याही रीजनमध्ये. त्याची की एका फाइलमध्ये होती. पुढे ती स्क्रिप्ट डॉकर इमेजमध्ये गेली, फाइलही तिच्याबरोबर गेली, आणि काही महिन्यांपूर्वी ती इमेज चुकून पब्लिक झाली. हे सगळं नंतर दुपारी जुळलं. सकाळी फक्त नाव दिसत होतं. पैसे वाचवायला केलेल्या युजरनेच पैसे जाळले होते.

मी म्हणालो, "बाराही मशीन्स आत्ता उडवतो." ती म्हणाली, "थांब." माझ्या डोक्यात मीटर पळत होतं, तासाला आठ डॉलर. तिने आधी ती की निष्क्रिय केली. डिलीट नाही केली, म्हणजे चुकून आपलंच काही बंद पडलं तर कळेल आणि गरज लागली तर परत चालू करता येईल. पण की बंद केली तरी चालू असलेली मशीन्स चालूच राहतात. म्हणून तिने त्यांचं नेटवर्क तोडलं, ना आत काही येणार ना बाहेर जाणार. मग एका मशीनच्या डिस्कची प्रत घेतली आणि तेवढं एक मशीन ठेवून बाकीची अकरा मला बंद करू दिली. "आठ डॉलरमध्ये एक तासाचा पुरावा मिळतोय. स्वस्त आहे," ती म्हणाली. डिस्कवर मोनेरो हे क्रिप्टो चलन काढणारा प्रोग्राम सापडला. ते साध्या प्रोसेसरवर काढता येतं, म्हणून चोराने ग्राफिक्स कार्डाची महागडी मशीन्स घेतलीच नव्हती.

मशीन्स साधारण त्रेपन्न तास चालली होती. ४४० डॉलरच्या आसपास. मी सुटकेचा श्वास सोडला. महिनाअखेरच्या बिलापर्यंत हे लक्षात आलं नसतं तर आकडा सहा हजारांच्या जवळ गेला असता. पण ती अजून स्क्रीनकडेच बघत होती.

"पैशाचं सोड," ती म्हणाली. "या कीने तो मुंबईत काय करू शकला असता?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. `ec2:*` मध्ये नुसती मशीन्स येत नाहीत, डिस्कच्या प्रतीही येतात, ज्यांना स्नॅपशॉट म्हणतात. आमच्या डेटाबेसच्या डिस्कचे स्नॅपशॉट रोज रात्री निघतात, आणि त्यातले काही जुने एन्क्रिप्ट केलेले नव्हते. असा स्नॅपशॉट दुसऱ्या अकाउंटला शेअर करायला एक कमांड पुरते. आमच्या ग्राहकांची नावं, फोन नंबर, पत्ते, सगळं त्यात. आणि त्या शेअर करण्याचा खर्च? शून्य. माझ्या बिलात त्याची एक ओळसुद्धा आली नसती.

मग तिने मुंबईची वही काढली. पुढचे दोन तास आम्ही त्या कीच्या नावाची एकेक नोंद वाचली. शुक्रवारी रात्री त्याने मशीन्सची यादी मागितली होती. स्नॅपशॉटचीही यादी मागितली होती. ती ओळ वाचताना आम्ही दोघंही काही बोललो नाही. आम्ही शोधत होतो ती नोंद `ModifySnapshotAttribute`, शेअर करणारी. क्लाउडट्रेलच्या पडद्यावर मागचे नव्वद दिवस दिसतात, आमची इमेज त्याआधी पब्लिक झालेली नव्हती, त्यामुळे नव्वद दिवस पुरले. ती नोंद नव्हती. त्याने यादी बघितली आणि तो ओहायोला निघून गेला.

संध्याकाळी मॅनेजरला मी सगळं सांगितलं, `ec2:*` सकट. तिने माझ्या वतीने काही बोलायचा प्रयत्न केला नाही आणि माझ्याविरुद्धही नाही. फक्त तिची एक गोष्ट त्यात जोडली. गार्डड्यूटी नावाची सेवा असं मायनिंग ओळखून सूचना देते, पण ती प्रत्येक रीजनमध्ये वेगळी चालू करावी लागते. आमच्याकडे फक्त मुंबईत चालू होती. आदल्या वर्षी तिने सगळीकडे मागितली होती, आणि मी विचारलं होतं, "जिथे आपलं काही नाही तिथे कशाला पैसे?" तिनेही मग आग्रह सोडला. त्या सेवेचा दर तपासलेल्या नोंदींच्या प्रमाणात असतो. जिथे काही नाही तिथे नोंदी जवळजवळ नाहीत, म्हणजे खर्चही जवळजवळ नाही. माझ्या कामाचा साधा हिशेब मीच केला नव्हता, आणि तिने तो मागितला नव्हता.

त्यानंतर आम्ही वापरात नसलेली रीजन्स सगळ्या अकाउंटसाठी बंदच करून टाकली. सुट्टीची स्क्रिप्ट आता कुठलीही कायमची की वापरत नाही. तिला थोड्या वेळापुरती परवानगी मिळते, फक्त मशीन बंद करण्याची, तीही ठरावीक टॅग असलेलीच. माझे अलार्म आता एकूण आकड्यावर नसून रीजन आणि सेवेप्रमाणे आहेत.

आणि दर बुधवारी आम्ही अर्धा तास एकत्र बसतो. एकच यादी, दोन जण वाचणार. उदाहरणार्थ पब्लिक आयपी पत्ते. फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याचे तासाला अर्धा सेंट घेतं, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर थोडं. मी ती यादी काढली पैशासाठी. तिने तीच यादी वाचली, बाहेरून दिसणारी दारं म्हणून. त्यात एक विसरलेलं डेमोचं मशीन निघालं, सहा महिने कोणी हात न लावलेलं. माझ्या लेखी फुकटचं भाडं, तिच्या लेखी सहा महिने पॅच न झालेलं उघडं दार. बंद करायला एक क्लिक, मालक शोधायला चार दिवस.

सगळीकडे आमचं जुळतं असं नाही. लॉग किती दिवस ठेवायचे यावर आमची दर तिमाहीला वादावादी होते. तिला वर्षभराचे हवेत, आणि लॉगसाठवणीचं बिल मला दर महिन्याला टोचतं. सध्याची तडजोड अशी, की तीन महिन्यांचे लगेच शोधता येतील असे, बाकीचे स्वस्त साठवणीत, जिथून काढायला काही तास लागतात. तिला ते तास खटकतात, मला ते पैसे. पण आता आकडा काढताना मी तिला आधी विचारतो, की त्या सोमवारी तुला यातलं काय लागलं असतं.

मी अजूनही रोज सकाळी आधी खर्चच उघडतो. फक्त आता एक माहीत आहे. मशीन चोरणारा चोर मला बिलात दिसतो, एक दिवस उशिरा का होईना. यादी बघून गेलेला चोर मला कधीच दिसला नसता. तो दिसला, कारण शेजारच्या खुर्चीवरून कोणीतरी म्हणालं, थांब.