अंतर नव्हे, हद्द

कोल्हापूरहून पुण्यापेक्षा बेळगाव जवळ. तरीही नोंदणीकृत कार्यालय पुण्याला नेणं सोपं आणि बेळगावला नेणं कितीतरी किचकट. कंपनी सेक्रेटरी म्हणून हे मी अनेक उद्योजकांना समजावलं आहे. कायदा किलोमीटर मोजत नाही, हद्दी मोजतो.

समजा, कोल्हापुरातली एक फौंड्री कंपनी शाहूपुरीतून उद्यमनगरात गेली. शहर तेच, म्हणून संचालक मंडळाचा ठराव पुरतो. बदलानंतर ३० दिवसांत INC-22 हा फॉर्म, जागेचा पुरावा आणि मालकाचं संमतिपत्र रजिस्ट्रारकडे भरायचं. हीच कंपनी शहराच्या हद्दीबाहेर शिरोली एमआयडीसीत किंवा पुण्याला गेली, तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत.

बेळगावचं तसं नाही. कंपनीच्या मेमोरॅण्डममध्ये पूर्ण पत्ता नसतो, फक्त राज्याचं नाव असतं. त्यामुळे राज्य बदललं की मेमोरॅण्डमच बदलावं लागतं. त्यासाठी विशेष ठरावावर केंद्र सरकारची, म्हणजे रिजनल डायरेक्टरची, मंजुरी हवी. ज्यांचे पैसे कंपनीकडे अडकले आहेत, त्यांना हरकत घेण्याची संधी मिळावी, हा त्यामागचा हेतू. म्हणून INC-23 या अर्जासोबत धनकोंची यादी जोडावी लागते. प्रत्येक धनकोला नोटीस जाते, राज्याच्या मुख्य सचिवांनाही कळवावं लागतं. शिवाय, या बदलापायी कुणाही कामगाराला कमी करणार नाही, असं प्रतिज्ञापत्र संचालक देतात. कंपनीवर कंपनी कायद्याखाली तपास किंवा खटला चालू असेल, तर स्थलांतराला सहसा परवानगी नाही.

गाडी अडते ती तारखांवर. जिल्ह्यातल्या मराठी वर्तमानपत्रात आणि एका इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची, ती अर्जाच्या आधी ३० दिवसांपेक्षा जुनी चालत नाही. हरकतींसाठी मात्र १४ दिवस असतात. १ जूनला जाहिरात आली, तर हरकतींची मुदत १५ जूनला संपते आणि अर्ज १ जुलैपर्यंत जायला हवा. हरकत नाही याची खात्री करून अर्ज भरायचा, तर हाती उरतो जेमतेम पंधरवडा. त्यातच धनकोंची यादीही अर्जाच्या दिवशी महिन्याहून जुनी नको. यादी मेच्या सुरुवातीची असेल, तर ती नव्याने करावी लागते.

हरकत नसेल, तर सुनावणीविना आदेश निघू शकतो. हरकत आली तर सुनावणी होते. आदेश मिळाल्यावर तो ३० दिवसांत INC-28 मधून रजिस्ट्रारकडे भरायचा. मग कर्नाटकचा रजिस्ट्रार नवं नोंदणी प्रमाणपत्र देतो आणि कंपनीच्या ओळख क्रमांकातलं MH जाऊन KA येतं.

तेव्हा बेळगावच्या जागेचा करार करण्याआधी धनकोंची यादी करायला घ्या. एखादं नाव सुटलं, तर हरकत घ्यायला तोच माणूस उभा राहतो.