गुरुवारची रिकामी रात्र

डॉक्टरांनी दोन आठवड्यांच्या झोपेची नोंद मागितली, तेव्हा मला काहीच अवघड वाटलं नाही. दुपारी तीननंतर ऑफिसात डोळे मिटायचे. एकदा तर लोकलमध्ये उभ्याउभ्या डुलकी लागली आणि ठाणं मागे गेलं. म्हणून त्यांच्याकडे गेले होते. "किती झोपता?" त्यांनी विचारलं. "सात तास," मी म्हणाले. "अंदाज नको, नोंद आणा."

माझ्याकडे दुसऱ्या पिढीचं ॲपल वॉच एसई आहे. त्याची बॅटरी 18 तास चालते, असं कंपनीच सांगते. म्हणजे दिवसभर घातलं तर रात्री चार्जरवर ठेवायचं घड्याळ. आणि मला तर ते रात्रीच मनगटावर हवं होतं.

मी सोपा मार्ग काढला. जेवण झालं की चार्जिंगला लावायचं, झोपताना काढून घालायचं. दोन आठवड्यांनी पाहिलं तर 14 पैकी 9 रात्रींचीच नोंद होती. सरासरी 6 तास 40 मिनिटं. वाईट नाही, असं म्हणून मी फोन ठेवणार होते. मग रिकाम्या रात्री कोणत्या, ते पाहिलं. दोन्ही गुरुवार रिकामे होते. आमच्याकडे गुरुवारी काम उशिरापर्यंत चालतं. अकराला घरी येऊन कसंबसं जेवायचं आणि आडवं व्हायचं, त्यात घड्याळ चार्जरवरच राहायचं. बाकीच्या तीन रात्रीही तशाच दमलेल्या. म्हणजे ज्या रात्री मी सगळ्यात कमी झोपले, नेमक्या त्याच गळल्या होत्या. सरासरी चांगली दिसत होती ती त्यामुळे.

नऊमधल्या एका रात्रीचीही गडबड होती. आलेख तीन वाजून दहा मिनिटांनी संपत होता, जणू मी तेव्हाच उठले. पण मला तसं काही आठवेना. मग त्याच रात्रीच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद उघडली. तीही तीन दहालाच थांबलेली. खरंच जागी असते तर ठोके पुढेही नोंदले गेले असते. मी झोपलेलीच होते, बॅटरी संपली होती.

मग एक रविवार हिशोबात घालवला. माझ्या वापरात दिवसा तासाला साधारण 4 टक्के बॅटरी जाते. रात्री स्लीप फोकस चालू असल्यावर हात हलला तरी स्क्रीन उजळत नाही, त्यामुळे 2 टक्केच. म्हणजे सात तासांच्या झोपेला 14 टक्के पुरतात. खरा खर्च दिवसाचा आहे. चार्जिंगचा वेगही सारखा नसतो. हे मॉडेल फास्ट चार्जिंगवालं नाही. शून्यापासून 80 टक्क्यांपर्यंत दीड तास लागतो, पण उरलेल्या 20 टक्क्यांना आणखी एक तास. बॅटरी भरत आली की आत जाणारा करंट कमी करावा लागतो, म्हणून शेवट रेंगाळतो. तेव्हा 100 चा हट्ट सोडला.

आता प्रश्न उरला वेळेचा. कितीही वाईट दिवस असला तरी रोज होतेच अशी गोष्ट कोणती? जेवण नाही, झोपण्याआधीचा निवांतपणा तर नाहीच. आंघोळ! सकाळी सातला उठले की घड्याळ बाथरूमबाहेरच्या फळीवर, चार्जरवर. आंघोळ, चहा, डबा भरणं, पावणेआठला मनगटावर. उठताना 50 टक्के असतं, ते 84 पर्यंत जातं. रात्री पावणेनऊला घरी येते तेव्हा 32 उरतात. मग स्वयंपाक आणि जेवणाची पन्नास मिनिटं, की 76. बाराला झोपताना 66, सकाळी पुन्हा 50 च्या आसपास.

गुरुवारी दुसरी खेप चुकते. तेव्हा बाराला 19 टक्के उरलेले असतात. झोपण्याआधी 30 टक्क्यांखाली असलं की घड्याळ चार्ज करायला सुचवतं. मी हिशोब आठवते. 14 जातील, 5 उरतील. काठावर, पण रात्र निघते. शुक्रवारी मात्र ऑफिसात टेबलावर तासभर चार्जिंगला लावावंच लागतं. बॅटरी जुनी होईल तसे हे आकडे घसरतील, तेव्हा पुन्हा मांडणी करावी लागेल.

आई हसते. "अगं, तुझ्याबरोबर त्यालाही आंघोळ घालतेस का?"

पुढच्या दोन आठवड्यांत 14 पैकी 14 रात्री भरल्या. सरासरी 5 तास 50 मिनिटं. दोन्ही गुरुवार पाचच्या खाली. डॉक्टरांनी फोन हातात घेतला, आलेख वर सरकवला, आणि पहिला प्रश्न विचारला, "गुरुवारी काय असतं?"

या प्रश्नाचं उत्तर मला घड्याळाशिवायही माहीत होतं. पण आधीचा आलेख नेला असता, तर त्यांनी हा प्रश्न विचारलाच नसता.